साडेतीन माणसांचे गेट

गेट एकच असले आणि त्यावर एका वेळी एकच सुरक्षारक्षक उभा राहणार असला, तरी आठवड्याला २१ पाळ्या भराव्या लागतात. दिवसाच्या तीन आणि आठवड्याचे सात दिवस. एका माणसाने सहा दिवस काम करायचे आणि सातव्या दिवशी सुट्टी घ्यायची, तर त्याच्या वाट्याला आठ-आठ तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे ४८ तास येतात. २१ ला ६ ने भागले की उत्तर येते साडेतीन. गेटवर तीन पाळ्या आहेत म्हणून तीन वॉचमन पुरतील, असे बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या बैठकीत धरले जाते आणि त्या धरण्यात हा अर्धा माणूस निसटतो. ड्यूटी चार्ट आखण्यातली जवळजवळ सगळी अडचण या अर्ध्या माणसाची आहे.

पाळी आठऐवजी बारा तासांची केली तर माणसे कमी लागतील, असाही एक समज आहे. आठवड्याचे तास १६८ आणि एका माणसाचे तास ४८. १६८ भागिले ४८ केले तरी उत्तर साडेतीनच राहते. बारा तासांच्या पाळीत दोनच माणसांवर गेट चालताना दिसते, ते त्यातला प्रत्येक जण आठवड्याला ८४ तास उभा राहतो आणि त्याला सुट्टी मिळत नाही म्हणून. पाळीची लांबी बदलून कामाचे तास कमी होत नाहीत, ते फक्त कमी खांद्यांवर जातात.

तीनच माणसे नेमली तर काय होते, तेही याच हिशेबात दिसते. तिघांत २१ पाळ्या म्हणजे प्रत्येकी सात. कोणालाच सुट्टी नाही आणि प्रत्येकाचे ५६ तास. एकाला सुट्टी द्यायची तर त्या दिवशी उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी सलग सोळा तास उभा राहणार. गेटवरच्या भाषेत याला ‘डबल’ म्हणतात. आठवड्यात तिघांना तीन सुट्ट्या म्हणजे तीन डबल. ज्याने आज सुट्टी घेतली तोच परवा दुसऱ्याच्या सुट्टीसाठी डबल करतो, म्हणजे सुट्टीचे आठ तास त्याला परत फेडावे लागतात. अशा व्यवस्थेला साप्ताहिक सुट्टी म्हणणे बरोबर नाही.

वास्तविक या अर्ध्या माणसाचे पैसे बऱ्याचदा दिले जात असतात. सुरक्षा एजन्सीच्या दरपत्रकात मूळ वेतन, भत्ते, भविष्यनिर्वाह निधी यांच्या खाली ‘रिलिव्हर चार्जेस’ अशी एक ओळ असते आणि ती रक्कम सहसा वेतनाच्या एक-षष्ठांश असते. सहा दिवस काम करणाऱ्याच्या सातव्या दिवशी जो बदली माणूस येणार, त्याचा हा मोबदला. तीन माणसांचे तीन एक-षष्ठांश म्हणजे अर्धा माणूस. बिलात ही ओळ असेल आणि गेटवर मात्र महिनाभर तेच तीन चेहरे दिसत असतील, तर चौथ्या माणसाचे पैसे कुठे जातात हे सोसायटीच्या सचिवाने विचारायलाच हवे.

अर्ध्या माणसाची अडचण सगळ्यात सहज सुटते ती दोन गेट असतील तेव्हा. दोन गेटांच्या ४२ पाळ्या, भागिले सहा, बरोबर सात माणसे. सहा जण आपापल्या गेटवर आपापल्या पाळीला कायम आणि सातवा रिलिव्हर. रोज एकाची सुट्टी, त्या जागी रिलिव्हर उभा राहतो आणि रविवारी रिलिव्हरला स्वतःला सुट्टी. कागदावर हे इतके नेमके बसते की बहुतेक सुपरवायझर इथेच थांबतात. पण रिलिव्हरचा आठवडा उघडून पाहिला तर त्यात एक लपलेली गोष्ट आहे.

पाळ्यांच्या वेळा सकाळी ६ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री १० आणि रात्री १० ते सकाळी ६ अशा धरू. रिलिव्हर सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही गेटांची पहिली पाळी करतो, बुधवारी आणि गुरुवारी दुसरी, शुक्रवारी आणि शनिवारी रात्रपाळी. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला संपते आणि सोमवारी सकाळी सहाला तो पुन्हा गेटवर हजर हवा. म्हणजे त्याचा ‘रविवार’ नेमका चोवीस तासांचा आहे. रात्रभर जागलेला माणूस त्यातले पहिले सात-आठ तास झोपतो, संध्याकाळी थोडा घरच्यांत बसतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठतो. त्याच्या शेजारी उभा असलेला कायम पहिल्या पाळीचा माणूस मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला सुटतो आणि सुट्टीनंतरच्या दिवशी सकाळी सहाला येतो. त्याची सुट्टी चाळीस तासांची.

दोघेही आठवड्याला ४८ तासच काम करतात, दोघांनाही १२० तास मोकळे मिळतात. फरक पडतो तो त्या १२० तासांच्या वाटणीत. कायम पाळीच्या माणसाला रोज सोळा तास आणि एकदा सलग चाळीस. रिलिव्हर मात्र पहिलीतून दुसरीत, दुसरीतून रात्रीत आणि रात्रीतून पुन्हा पहिलीत सरकतो तेव्हा दर वेळी आठ तास पुढे जातो. तीन वेळा आठ म्हणजे चोवीस तास. त्याच्या सुट्टीचा दिवस असा तुकड्यातुकड्याने खर्च झालेला असतो. सुपरवायझरने कोणावर अन्याय करायचा म्हणून हे केलेले नसते. चक्र पुढे फिरले की हिशेब असाच पडतो.

उलट क्रमाने फिरवले, म्हणजे आधी रात्र, मग दुसरी, मग पहिली, तर आठवड्याच्या शेवटी ५६ तासांची ऐसपैस सुट्टी मिळवता येते. ती मिळते कशी, तर सकाळी सहाला रात्रपाळी संपवून त्याच दुपारी दोनला हजर व्हायचे आणि पुढे एकदा रात्री दहाला सुटून दुसऱ्या सकाळी सहाला हजर व्हायचे. या दोन्ही वेळी मध्ये फक्त आठ तास असतात. जाण्यायेण्यात दोन तास गेले, आंघोळ-जेवणात एक गेला, तर झोपेला पाच उरतात. शरीराला आपली झोपेची वेळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून पाळ्या पहिली, दुसरी, रात्र अशाच क्रमाने फिरवाव्यात हा जुना आणि चांगला नियम आहे. लांब सुट्टीच्या मोहाने तो मोडू नये. रिलिव्हरचे काम कठीण असते हे मान्य करून ते काम सात जणांत महिन्यामहिन्याने फिरवणे हाच यावरचा सरळ उपाय. रिलिव्हरला थोडा जास्त पगार देणे हा दुसरा. पण व्यवहारात बहुधा सगळ्यात नवा, ज्याची बोलायची हिंमत नाही असा मुलगाच कायमचा रिलिव्हर केला जातो आणि दोन-तीन महिन्यांत तो नोकरी सोडून जातो.

एकच गेट असलेल्या सोसायटीत साडेतीनचे चार करावे लागतात. तीन कायम आणि एक बदली अशी व्यवस्था केली तर चौथ्याला आठवड्यात तीनच पाळ्या मिळतात. तेवढ्यावर त्याचे घर चालत नाही. शेजारच्या सोसायटीचे तसेच एक गेट असेल आणि एजन्सी एकच असेल, तर दोघींनी मिळून एक रिलिव्हर ठेवता येतो. मग वर सांगितलेला सात जणांचा चार्टच दोन सोसायट्यांत लागू होतो. ते जमत नसेल तर चौघांत काम सारखे वाटायचे. त्यासाठी आठ दिवसांचे एक जुने चक्र फार उपयोगी पडते. दोन दिवस पहिली पाळी, दोन दिवस दुसरी, दोन दिवस रात्र आणि दोन दिवस सुट्टी. चौघे जण या चक्रात एकमेकांच्या दोन दिवस मागे-पुढे असतात.

| | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि | सोम |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | पहिली | पहिली | दुसरी | दुसरी | रात्र | रात्र | सुट्टी | सुट्टी |
| ब | दुसरी | दुसरी | रात्र | रात्र | सुट्टी | सुट्टी | पहिली | पहिली |
| क | रात्र | रात्र | सुट्टी | सुट्टी | पहिली | पहिली | दुसरी | दुसरी |
| ड | सुट्टी | सुट्टी | पहिली | पहिली | दुसरी | दुसरी | रात्र | रात्र |

चार्ट तपासायचा तो उभा आणि आडवा असा दोन्ही बाजूंनी. उभ्या रांगेत रोज एक पहिली, एक दुसरी, एक रात्र आणि एक सुट्टी दिसली पाहिजे. कुठे दोन ‘दुसरी’ आल्या तर दुसरीकडे गेट उघडे पडले आहे हे नक्की. आडव्या रांगेत एका माणसाचे आयुष्य दिसते, आणि तिथे कोणत्याही दोन पाळ्यांमध्ये सोळा तासांपेक्षा कमी अंतर नको. या चक्रात ते कुठेच पडत नाही. ‘अ’ची शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला संपते आणि पुढची पाळी मंगळवारी सकाळी सहाला सुरू होते. सलग ४८ तास. त्यातला पहिला दिवस झोपेत गेला तरी दुसरा पूर्ण दिवस त्याचा स्वतःचा असतो.

चक्र आठ दिवसांचे आणि आठवडा सातांचा, मग प्रत्येक आठवड्यात सुट्टी मिळेलच का, असा प्रश्न पडतो. आठ दिवसांच्या चक्रातले कोणतेही सलग सात दिवस घेतले तर चक्रातला एकच दिवस बाहेर राहतो. सुट्ट्या दोन असल्यामुळे किमान एक सुट्टी त्या सातांत सापडतेच आणि पाळ्या सहापेक्षा जास्त होत नाहीत. म्हणजे ४८ तासांची मर्यादाही पाळली जाते. सरासरी तर आठवड्याला ४२ तासच पडते.

या चक्राचा तोटा असा, की सुट्टीचा वार दर फेरीला एक दिवस पुढे सरकतो. आज रविवार-सोमवार, पुढच्या फेरीत सोमवार-मंगळवार. आठ आठवड्यांनी, म्हणजे ५६ दिवसांनी, चार्ट मूळ जागी येतो आणि तेवढ्या काळात प्रत्येकाला दोन रविवार मोकळे मिळतात. म्हणून हा चार्ट महिन्याचा छापू नये, ५६ दिवसांचा एकदम छापून केबिनमध्ये लावावा. आपली सुट्टी कधी आहे हे दोन महिने आधी ठाऊक असलेला माणूस गावची तिकिटे आणि दवाखान्याची तारीख त्यात बसवतो. चार्ट दर शनिवारी सुपरवायझरच्या फोनवरून कळत असेल तर तो अचानक दांडी मारतो. त्याला दुसरा मार्गच नसतो.

आणखी एक अडचण पगाराची आहे आणि तिच्याकडे डोळेझाक केली तर हा सुंदर चार्ट पंधरा दिवसांत मोडतो. सुरक्षारक्षकांचा पगार बहुतेक ठिकाणी ‘२६ ड्यूट्या’ या मापाने मोजला जातो, कारण तीस दिवसांतून चार सुट्ट्या वजा जाता २६ उरतात. एका गेटच्या महिन्याच्या पाळ्या ९०. चौघांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस येतात. पगार हजेरीवर असेल तर प्रत्येकाचे साडेतीन दिवसांचे पैसे बुडतात आणि ते भरून काढायला तो सुट्टीच्या दोन दिवसांत दुसऱ्या एखाद्या गेटवर उभा राहतो. मग ज्या विश्रांतीसाठी चार्ट आखला तीच नाहीशी होते. म्हणून चौघांना पूर्ण महिन्याचा पगार द्यायचा आणि २६ च्या हिशेबाने येणाऱ्या १०४ ड्यूट्यांतून ९० वजा जाता ज्या चौदा उरतात, त्या कशासाठी वापरायच्या ते आधीच ठरवायचे.

त्या कशासाठी लागतात, हे वर्षाचा हिशेब केला की दिसते. साडेतीनचा आकडा फक्त साप्ताहिक सुट्टी धरून काढलेला आहे. माणूस आजारी पडतो, घरी लग्न निघते, सण येतात. दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा जो कायदा आहे, त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा अशी तरतूद आहे. हेच माप धरू. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की ३१३ उरतात. त्यातून आठ, आणखी आठ आणि सुमारे चौदा दिवसांची अर्जित रजा काढली की एक माणूस वर्षाला २८३ दिवस गेटवर मिळतो. गेटला लागतात १,०९५ पाळ्या. भागाकार येतो ३.८७. म्हणजे साडेतीन हा किमान आकडा आहे, खरी गरज चाराला अगदी टेकलेली. चौघांच्या मिळून १,१३२ पाळ्या होतात आणि वर्षभरात फक्त ३७ शिल्लक राहतात. अचानक येणारा ताप, बसचा संप, पावसात बंद पडलेली लोकल या सगळ्यांसाठी तेवढ्याच.

या ३७ चा दिलासाही रजा वर्षभर पसरलेल्या असतील तरच मिळतो. प्रत्यक्षात त्या एकाच वेळी येतात. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार, बिहारमधला छठला, मराठवाड्यात थोडीफार शेती असलेला पेरणीला. चौघेही एकाच भागातले असतील तर चौघांचा अर्ज एकाच आठवड्याचा असतो. म्हणून गेटवर वेगवेगळ्या भागांतली माणसे असणे रजेच्या दृष्टीनेही सोयीचे पडते. आणि चौघांपैकी एक जण दहा दिवस गेला की उरलेल्या तिघांना रोज काम करावे लागते, सुट्टी नाही, आठवड्याचे ५६ तास. लांब रजेला पाचवा माणूस लागतोच. तो एजन्सीच्या राखीव यादीतला असला तरी चालतो, पण रजा सुरू होण्याआधी त्याने त्या गेटवर जुन्या माणसाबरोबर किमान दोन पाळ्या उभे राहिलेले असावे, एक दिवसाची आणि एक रात्रीची. कोणत्या घरी एकटी वयस्कर बाई राहते, पंपाची चावी कुठे आहे, कोणती गाडी पहाटे चारला बाहेर पडते, हे रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते.

पाळी बदलायची वेळ कोणती ठेवायची हे सहसा विचार न करता ठरते. ७-३-११ ही वेळ अनेक ठिकाणी आहे, पण सकाळी सात ते नऊ हाच गेटचा सगळ्यात गर्दीचा काळ असतो. दूधवाले, कामाला येणाऱ्या बायका, शाळेच्या बस, बाहेर पडणाऱ्या गाड्या. नेमके त्याच वेळी रात्रभर जागलेला माणूस चार्ज देत असतो आणि नवा माणूस चार्ज घेत असतो, म्हणजे गेटकडे दोघांचेही पूर्ण लक्ष नसते. ६-२-१० ठेवली तर गर्दी सुरू होण्याआधी नवा माणूस स्थिरावतो. शिवाय रात्री दहाला सुटणाऱ्याला बस मिळते, अकराला सुटणाऱ्याला अनेकदा मिळत नाही, मग तो केबिनमध्येच झोपतो किंवा पावणेअकरालाच निघतो. याउलट सकाळी सहाला पोहोचायला ज्याला पहाटेची पहिली बसही उपयोगाची नाही, त्याच्यासाठी सात बरी. माणसे राहतात कुठे हे विचारल्याशिवाय वेळ ठरवू नये.

चार्ज देणे-घेणे हा दहा-पंधरा मिनिटांचा काळ चार्टमध्ये धरलेला नसतो, पण येणाऱ्याने तेवढा आधी यावे लागते. चाव्या, टॉर्च, पाहुण्यांचे रजिस्टर, आत गेलेले पण बाहेर न पडलेले लोक, कोणाचे आलेले पार्सल, हे सगळे सांगून सही व्हायला हवी. बदली आल्याशिवाय गेट सोडायचे नाही हा नियम सगळीकडे असतो आणि तो योग्यही आहे. पण त्यामुळे येणाऱ्याचा प्रत्येक अर्धा तास उशीर जाणाऱ्याच्या अंगावर पडतो. तो उशीर नोंदवला जात नसेल तर आठ तासांची पाळी हळूहळू नऊ तासांची होते आणि जादा वेळेचा दुप्पट दर कोणीच देत नाही.

जेवणाचेही असेच आहे. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम करून घेऊ नये, मध्ये अर्धा तास सुट्टी द्यावी, असे त्याच कायद्यात २०१७ मध्ये होते. एकच माणूस गेटवर असेल तर त्या अर्ध्या तासात गेट कोण पाहणार? आठवड्याला २१ वेळा अर्धा तास म्हणजे साडेदहा तास. हे तास कोणत्याही चार्टमध्ये लिहिलेले आढळत नाहीत. वॉचमन एका हाताने डबा खातो आणि दुसऱ्या हाताने गेट उघडतो, तेव्हा गेट सांभाळले जाते पण सुट्टी मिळत नाही. सोसायटीत दिवसा सफाई कामगार किंवा मॅनेजर असेल तर त्याच्याशी वेळ ठरवून दुपारचे आणि संध्याकाळचे जेवण सोडवता येते. रात्री ते शक्य नसते, म्हणून रात्री ठरावीक वेळी गेटला कुलूप लावून अर्धा तास केबिनमध्ये बसायला उघडपणे परवानगी द्यावी. पहाटे तीन ते पाच या वेळात जाग सगळ्यात कमी असते. हा अर्धा तास त्याआधी, दोनच्या सुमारास दिला तर पुढचे दोन तास माणूस जास्त सावध राहतो.

रात्रपाळीच्या तारखेचा घोळ हा चार्टमधला सगळ्यात नेहमीचा घोळ. ‘मंगळवारची रात्र’ म्हणजे मंगळवारी रात्री दहाला सुरू होणारी की मंगळवारी सकाळी सहाला संपणारी? पाळी ज्या दिवशी सुरू होते त्या दिवसाची समजायची, हे चार्टवरच ठळक लिहून ठेवावे. सुट्टीचेही तसेच. रात्रपाळीच्या माणसाला बुधवारची सुट्टी दिली, म्हणजे मंगळवारी मध्यरात्री त्याची सुट्टी सुरू झाली असे धरले, तर सकाळी सहापर्यंत उभा असलेला माणूस कागदावर सुट्टीवर असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा प्रश्न सोडवून ठेवला होता. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर सुट्टीचा पूर्ण दिवस म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास. गेटसाठीही हीच व्याख्या वापरावी.

चार्ट कितीही चांगला असला तरी एखाद्या सकाळी कोणीतरी येत नाही. वरच्याच चार्टमध्ये सोमवारी सकाळी सहाला ‘अ’ आला नाही असे समजू. सुट्टीवर ‘ड’ आहे, पण तो त्याच सकाळी रात्रपाळी संपवून बाहेर पडतो आहे. त्याला थांबवले तर डबल, सोळा तास. त्याऐवजी ‘ड’ने चार तास जादा, दहापर्यंत थांबावे आणि दुपारच्या ‘ब’ने चार तास आधी, दहाला यावे. दोघांचेही बारा-बारा तास होतात, सोळा कोणाचेच नाहीत, आणि ‘ड’ला पुढे बुधवारी सकाळपर्यंत ४४ तास मिळतात. हाच प्रसंग मंगळवारी आला तर उत्तर बदलते. तेव्हा ‘ड’ रात्रभर घरी झोपलेला असतो, म्हणून त्याला बोलावणे बरे. त्याची सुट्टी चोवीस तासांची होते, जादा पाळीचा दुप्पट दर त्याला द्यावा लागतो आणि गेलेला दिवस पुढच्या एखाद्या तारखेला, नाव घालून, परत लिहावा लागतो. सुट्टीच्या पहिल्या दिवशी चार-चार तास वाटून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीवरच्याला बोलवायचे, एवढे दोन नियम केबिनच्या भिंतीवर असले तर पहाटे पावणेसहाला सुपरवायझरला फोनवर विचार करत बसावे लागत नाही.

चार्टप्रमाणे खरोखर काम चालले आहे की नाही, हे चार्ट पाहून कळत नाही. त्यासाठी मस्टर, चार्ज रजिस्टर आणि पाहुण्यांचे रजिस्टर एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागते. मस्टरमध्ये एका माणसाच्या तीसही रकान्यांत हजेरी असेल तर त्याला सुट्टी मिळालेली नाही, किंवा त्याच्या नावावर दुसराच कोणी उभा राहिला. चार्ज देणारा आणि घेणारा यांच्या सह्या एकाच वळणाच्या दिसल्या तर तिथे डबल झाले आहे. आठवड्याच्या सह्या एकाच शाईने, एकाच तिरकसपणाने केलेल्या दिसल्या तर त्या एका बैठकीत झाल्या आहेत. पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये ठरावीक वारी दुपारनंतर अक्षर बिघडते, गाडीचे नंबर अर्धवट राहतात, वेळ लिहायची राहते. तो वार बहुधा कोणाच्या तरी सुट्टीचा असतो आणि गेटवरचा माणूस सकाळपासून उभा असतो. अशा वेळी त्या वॉचमनला नोटीस देण्याआधी आदल्या दिवसाचे पान उलटून, तो किती वाजल्यापासून ड्यूटीवर आहे हे मोजावे.